राज्यसेवा मुख्यच्या नोट्स: सुटी पानं की गूगल डॉक?

२०२५ पासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आणि क्लासच्या वह्यांची अडचण उघडी पडली. वही सरांच्या बोलण्याच्या क्रमाने चालते, पेपर मात्र सिलॅबसच्या ओळीने येतो. म्हणून एका ओळीला एक साचा करायचा, त्यात स्टॅटिक भाग एकदाच लिहायचा आणि करंट जोडायला जागा मोकळी सोडायची. इथवर बहुतेकांचं एकमत असतं. वाद पुढे सुरू होतो, की हे साचे पंच करून फाइलला लावलेल्या ए-फोर पानांवर करावेत की गूगल डॉकमध्ये?

पहिली पायरी दोन्हीकडे सारखीच आहे. वही उतरवून काढू नका. पेन्सिलीने प्रत्येक परिच्छेदाशेजारी सिलॅबसचा क्रमांक टाका. सामान्य अध्ययन २ मधला पंचायत राज घेतला, तर त्याचा मजकूर वहीत तीन-चार ठिकाणी विखुरलेला सापडतो: ७३ वी घटनादुरुस्ती राज्यघटनेच्या तासाला, वसंतराव नाईक समिती आणि १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम महाराष्ट्राच्या तासाला, ओबीसी आरक्षण सामाजिक न्यायात. खुणा झाल्या की एवढंच गोळा करायचं.

कागदावर पानाचा उजवा तिसरा हिस्सा करंटसाठी राखा आणि मागची बाजू कोरी ठेवा. डाव्या बाजूला कलमं, समित्या, कायदे आणि आधी विचारलेले प्रश्न येतील. उजवीकडे बातमी लिहायची नाही, जोड लिहायची. उदाहरणार्थ: ‘६ मे २०२५, सर्वोच्च न्यायालय: स्थानिक निवडणुकांची अधिसूचना चार आठवड्यांत काढा, ओबीसी जागा बांठिया अहवालाआधीच्या स्थितीप्रमाणे → २४३-डी(६), २४३-ई.’ बाणापुढचं कलम हीच खरी कमाई. २४३-डी(६) मागासवर्गाच्या आरक्षणाचा अधिकार राज्याला देतं आणि २४३-ई मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यायला सांगतं. महाराष्ट्रात जिल्हा परिषदांवर प्रशासक बसले ते या दोन कलमांच्या ओढाताणीत, आणि त्यावर प्रश्न आला तर उत्तराचा गाभा तयार असतो.

कागद कमी पडतो तोही याच ठिकाणी. या एका मुद्द्याला २०१० चा कृष्णमूर्ती निकाल, मार्च २०२१ चा गवळी निकाल आणि त्यातली तिहेरी चाचणी, २०२२ चा बांठिया अहवाल आणि वरचा आदेश एवढं सगळं चिकटतं. उजवा हिस्सा भरतो. २०१० ची नोंद नंतर सापडली तर ती २०२५ च्या खाली कोंबावी लागते आणि क्रम बिघडतो. त्यावर उपाय म्हणजे ‘७-क’ असं पुरवणी पान. शेजारी ग्रामसभेच्या पानाची उजवी बाजू मात्र वर्षभर कोरीच राहते. राहू द्या.

डॉकमध्ये तीन रकान्यांचा तक्ता करा: तारीख, काय झालं, कोणत्या मुद्द्याला जोडलं. मधे ओळ घालता येते, त्यामुळे क्रम टिकतो. Ctrl+K दाबून मूळ निकाल किंवा शासन निर्णय जोडता येतो. पण वृत्तपत्राची लिंक पुढे सशुल्क होऊ शकते किंवा उघडतच नाही, म्हणून शासन निर्णयाचा संकेतांक किंवा खटल्याचं नाव शेजारी टाइप करा. लिंक मेली तरी शोधता येईल.

डॉकचा खरा धोका वेगळा आहे. कॉपी-पेस्ट फुकट असल्यामुळे अख्खी बातमी आत येते आणि तिसरा रकाना रिकामा राहतो. महिन्याभराने तो रकाना वरून खाली बघा. निम्म्या ओळी रिकाम्या दिसल्या, तर तुम्ही साचा भरत नाही आहात, कात्रणं साठवताय. (वनोट आणि नोशनचं दुखणंही हेच, नोशनमध्ये वर सजावटीत रविवार जातो.)

आता कोणी काय घ्यावं. पूर्णवेळ अभ्यास करणाऱ्याने, तेही लिहिण्याचा सराव मोडला असेल तर, कागदच घ्यावा. उत्तर हातानेच लिहायचं आहे, आणि हाताने जोड लिहिणाऱ्याला बातमी आखडावीच लागते. नोकरी करणाऱ्याला, ज्याचं करंटचं वाचन लोकलमध्ये किंवा एसटीत मोबाइलवर होतं, त्याला डॉक बरा. रात्री घरी जाऊन फाइलमध्ये नोंद करू म्हणणाऱ्याची फाइल कोरी राहते. पण डॉकवाल्यांनी सगळी वही टाइप करत बसू नये. मराठी टाइपिंगचा वेग बेताचा असला तर त्यातच महिने जातील. स्टॅटिक पान हाताने लिहा, त्याला क्रमांक द्या आणि डॉकमध्ये त्याच क्रमांकाखाली फक्त करंटचा तक्ता ठेवा. मुख्यच्या आधी तेवढे तक्ते छापून आपापल्या पानामागे लावले की उजळणी एकाच फाइलमधून होते.