‘फोर-पीस’ सांगून टू-पीस गळ्यात मारले. क्लबचे 19,980 रुपये पाण्यात

‘मेरठचा माल, थेट कारखान्यातून’ म्हणे! क्रिकेटचे 36 लेदर बॉल, 410 प्रमाणे 14,760. सहा फुटबॉल, 780 प्रमाणे 4,680. वाहतूक 540. एकूण 19,980 रुपये, तेही आगाऊ, यूपीआयने. पोरांच्या वर्गणीचे पैसे.

फोटो न बघता घेतले असं कुणी म्हणू नये. मागवले होते, मोठे करून पाहिले होते. शिवणीच्या सहा ओळी, सोनेरी छाप, लालभडक चकाकी, सगळं जागेवर. फोर-पीस म्हणजे चामड्याच्या चार तुकड्यांचा बॉल, टू-पीस दोनच तुकड्यांचा. फोर-पीसमध्ये दोन तुकडे जोडल्याची ती बारीक उभी रेघही दोन्ही अर्ध्यांवर दिसत होती.

तिथेच सगळं उघडं पडलं होतं, आणि तेच डोळ्यांसमोरून गेलं. खऱ्या फोर-पीसमध्ये एक अर्धा दुसऱ्याच्या तुलनेत काटकोनात फिरवून शिवतात. त्यामुळे एका बाजूची रेघ मुख्य शिवणीला जिथे भिडते, तिथे समोरच्या बाजूला रेघ नसते. त्या फोटोत दोन्ही रेघा समोरासमोर येऊन सरळ अधिकचं चिन्ह झालं होतं! अहो, वीस वर्षं खेळलेला माणूसही बॉल हातात घेऊन ग्रिप बघतो, रेघा कुठे भिडतात ते कोण बघत बसतो? विक्रेत्याला हे पक्कं ठाऊक असतं.

पहिल्याच सामन्यात कडेच्या ओळींचा दोरा सुटला. बॉल कापला, तर रेघ नुसती दाबून उठवलेली, आतून शिवण नाहीच. गाभ्यात कॉर्कवर गुंडाळलेला दोरा नाही, एकसंध साचातला गोळा. वजन 146 ग्रॅम; नियमाने 155.9 ते 163 हवं. पैसे देण्याआधी काट्यावर ठेवलेल्या बॉलचा फोटो मागा. टाळाटाळ केली की विषय संपला.

फुटबॉलच्या प्रत्येक फोटोत लोगोच पुढे, व्हॉल्व्ह कायम मागे. हवा भरून साबणाचं पाणी लावलं, तर सहापैकी चारांच्या व्हॉल्व्हपाशी बुडबुडे. दोन पॅनल अंगठ्यांनी फाकवले की दोरा उघडा दिसतो. असा फाकवलेला फोटोही मागून घ्या.

आता पुढची गंमत. सायबर हेल्पलाइनच्या 1930 वर सांगितलं, ‘माल मिळालाय, मग ही सायबर फसवणूक नाही.’ पोलीस ठाण्यात, ‘दिवाणी मामला आहे, ग्राहक मंचात जा.’ बँकेत, ‘पैसे तुम्हीच पाठवलेत.’ ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला, पुढे शांतता. पुन्हा ठाण्यात गेलो तर साहेब हसून विचारतात, ‘बॉलसाठी एवढं?’ साहेब, बॉलसाठी नाही, वीस हजारांसाठी!

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात दावा लावता येतो, पाच लाखांपर्यंत फीही नाही. पण नोटीस पाठवायची कुठे? बिलावर ना जीएसटी क्रमांक, ना धड पत्ता. बिलाचा नमुना आधी मागा, तो क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर तपासा आणि एकच बॉल मागवून कापून बघा. 410 रुपये गेले तर गेले.