सोसायटीची वेबसाइट: पैसे भरले कधी आणि जमा झाले कधी

आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला, जुनी, सात मजली. गेल्या गणपतीच्या आधी कमिटीने वेबसाइट घेतली. नोटिसा, मेंटेनन्सचं बिल आणि भरणा, तक्रारी, सगळं एका लॉगिनमध्ये. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे सांगतोय ते बहुतेक अशा सगळ्या साइट्सना लागू पडेल.

आधी भरण्याचं बोलतो, कारण खरी गंमत तिथेच आहे. यूपीआयने भरलं तर जादा काही लागत नाही. 2020 पासून यूपीआयवर एमडीआर, म्हणजे पैसे घेणाऱ्याकडून कापलं जाणारं शुल्क, शून्य आहे, त्यामुळे लागूही नये. क्रेडिट कार्डाने भरायला गेलात तर कन्व्हिनियन्स फी आणि त्या फीवर 18 टक्के जीएसटी. पॉइंट्सच्या मोहाने कार्ड वापरणाऱ्यांनी एकदा हिशेब करून बघावा. पावती लगेच ईमेलवर येते, आणि लेजर हवं तेव्हा उघडता येतं. पूर्वी खजिनदारांच्या घरी चेक नेऊन द्यायचा आणि पावतीसाठी महिनाभर आठवण करत बसायचं, त्यापेक्षा हे केव्हाही बरं.

आता अडचण. आमचं मासिक बिल 5,400 रुपये, भरण्याची शेवटची तारीख 15. नोव्हेंबरमध्ये 15 तारीख शनिवारी आली. मी त्याच रात्री यूपीआयने पैसे भरले, खात्यातून लगेच गेले, स्क्रीनवर हिरवी खूणही आली. डिसेंबरच्या बिलात मात्र 94 रुपये 50 पैसे व्याज! म्हणजे 5,400 वर वर्षाला 21 टक्के दराने पुरं एक महिन्याचं.

बँकेत ताळमेळाच्या टेबलावर बरीच वर्षं काढल्यामुळे मला संशय लगेच आला. साइटवरून भरलेले पैसे थेट सोसायटीच्या खात्यात जात नाहीत. ते आधी पेमेंट गेटवेकडे जातात आणि तिथून बँकेच्या कामकाजाच्या एक-दोन दिवसांनी सोसायटीला मिळतात. शनिवार रात्रीचे माझे पैसे मंगळवारी, 18 तारखेला पोचले. तेही एकटे नाहीत, त्या दोन-तीन दिवसांत ज्यांनी ज्यांनी भरले त्या सगळ्यांची मिळून एकच रक्कम, गेटवेच्या नावाने. अकाउंटंटने बँकेच्या स्टेटमेंटवरची तारीख धरून सगळ्यांच्या नावे 18 तारीख नोंदवली. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने आम्ही सगळे थकबाकीदार.

अकाउंटंटना फोन केला तर म्हणाले, “काका, ऑडिटर पासबुकाशी ताळा बघतो. पैसे 18 ला आले, मी 15 ची नोंद कशी करू?” प्रश्न चुकीचा नव्हता. पण उत्तर हिशेबात आहे. गेटवेच्या नावाने एक वेगळं खातं उघडायचं. सभासदाने भरलं त्या तारखेला त्याच्या नावे जमा दाखवायचं आणि तेवढी रक्कम गेटवेकडून येणं दाखवायची. पैसे बँकेत आले की ते येणं मिटवायचं. कोणाचे किती आले हे गेटवेच्या सेटलमेंट रिपोर्टमध्ये ओळीने मिळतं, तो साइटच्या अ‍ॅडमिनकडून डाउनलोड होतो. 31 मार्चला जी रक्कम अध्येमध्ये अडकलेली असेल ती ताळेबंदात येणं म्हणून दिसेल, ऑडिटरची त्याला हरकत असायचं कारण नाही.

दुसरी खोट साइटच्या सेटिंगमध्ये निघाली. व्याज दिवसावर की महिन्यावर, असा पर्याय तिथे आहे आणि आमच्याकडे ‘महिना’ निवडलेला होता. वादासाठी तीन दिवस उशीर झाला असं धरलं तरी 5,400 वर तीन दिवसांचं व्याज 9 रुपये 32 पैसे होतं. आदर्श उपविधींप्रमाणे थकबाकीवर सरळव्याज लावता येतं आणि 21 टक्के ही कमाल मर्यादा आहे. तीन दिवसांसाठी महिन्याचं व्याज घेतलं की त्या मर्यादेला अर्थ राहत नाही.

यातली सर्वात आडवाटेची गोष्ट पुढच्या बिलात कळली. निषेध म्हणून मी डिसेंबरमध्ये रक्कम बदलून फक्त 5,400 भरले, तेही मुदतीच्या बरेच आधी. साइटने त्यातून आधी 94.50 व्याजापोटी वळते केले आणि उरलेले 5,305.50 मुद्दलात टाकले. म्हणजे आता माझं 94.50 मुद्दल थकलं! जानेवारीत त्यावर 1 रुपया 65 पैसे नवं व्याज. रक्कम हसण्यावारी नेण्यासारखी आहे, मान्य. पण ज्यांची सात-आठ महिन्यांची थकबाकी आहे आणि जे थोडे थोडे भरतात, त्यांच्या खात्यात अशाच वाटेने सरळव्याजाचं चक्रवाढ होत जातं, आणि बिलावर कुठेही ‘चक्रवाढ’ असं लिहिलेलं नसतं. तुमच्याकडे असं होतंय का हे बघायला लेजर उघडा आणि प्रत्येक भरण्याची फोड बघा. व्याजाचा आणि मुद्दलाचा रकाना वेगळा नसेल तर तो आधी मागा.

तक्रार करताना मी तीन गोष्टी जोडल्या: यूपीआय अ‍ॅपवरचा व्यवहार, त्यात तारीख, वेळ आणि 12 आकडी यूटीआर क्रमांक दिसतो, साइटची पावती, आणि लेजरचं पान. तिन्ही तारखा शेजारी शेजारी ठेवल्यावर समजावून सांगायला काही उरलं नाही. कमिटीने व्याज माघारी घेतलं, त्या 1.65 सकट, आणि सेटिंग ‘दिवस’ केलं. शनिवार-रविवारी भरणाऱ्या बाकीच्यांचंही परत झालं, त्यातल्या बऱ्याच जणांच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

थेट एनईएफटी करणाऱ्यांचं दुखणं वेगळं. चौथ्या मजल्यावरचे एक आजोबा बँकेतूनच पैसे पाठवतात, साइटला त्याचा पत्ताच लागत नाही, आणि त्यांना दर महिन्याला स्मरणपत्र येतं. यूटीआर साइटवर नोंदवायची सोय आहे, पण ती त्यांची नात आली तरच होते. यावर खरा उपाय म्हणजे प्रत्येक फ्लॅटला वेगळा व्हर्च्युअल खाते क्रमांक, मग पैसे कुठूनही आले तरी फ्लॅट आपोआप ओळखला जातो. ही सोय महागड्या प्लॅनमध्ये आहे. कमिटीने स्वस्तातला घेतला.

नोटिसांबद्दल थोडक्यात. वार्षिक सभेची नोटीस पूर्ण 14 दिवस आधी लागते, ती साइटवर वेळेत आली आणि खाली वॉचमनच्या टेबलामागच्या फळ्यावरही लागली. फळा बंद करू नका, अर्ध्या सोसायटीला अजून तोच कळतो. मात्र साइटवरची पीडीएफ बदलली तर आधीची प्रत दिसत नाही. विषयपत्रिका आल्या दिवशीच उतरवून ठेवा.

तक्रारींचा विभाग मला अर्धाच आवडला. लिफ्ट, दिवे, पंप अशा तक्रारी फोटोसह टाकल्या की लवकर सुटतात, कारण कोणाकडे किती दिवस पडून आहे ते सगळ्यांना दिसतं. गळतीचं तसं नाही. वरच्याच्या बाथरूममधून गळत असेल तर खर्च त्या सभासदाचा, गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून असेल तर सोसायटीचा, आणि हे ठरेपर्यंत तक्रार नुसती उघडी राहते. आमच्या मॅनेजरने अशा दोन-तीन तक्रारी ‘पाहणी केली’ एवढंच लिहून बंद केल्या. बंद करताना सभासदाची संमती घेण्याचा पर्याय साइटमध्ये आहे, तो सुरू केला तर हे थांबेल.

एकूण साइट ठेवावी असंच माझं मत. नूतनीकरणाची वेळ ऑगस्टमध्ये येईल, तेव्हा व्हर्च्युअल खात्यांचा प्लॅन आणि भरणा आधी मुद्दलात वळता करण्याचं सेटिंग, या दोन्हींचे अर्ज मी सेक्रेटरींकडे आत्ताच देऊन ठेवलेत.