तिकीट क्रमांक त्याला माहीत होता, तारीख नव्हती

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. ओटीपी कुणाला देऊ नये हे मी घरातल्या चौघांना शिकवलंय. तरीही ३० जानेवारी २०२५ ला माझ्या खात्यातून ५४,६९९ रुपये गेले, आणि ते गेले बँकेकडे तक्रार करताना.

सुरुवात साधी होती. १२ जानेवारीला एटीएममधून ९,५०० काढायला गेलो. मशीन खडखडलं, नोटा आल्या नाहीत, पैसे कापल्याचा मेसेज मात्र आला. १३ तारखेला फोनवर तक्रार केली, तिकीट क्रमांक मिळाला, शेवटचे आकडे ४४१७. आठवड्यात मेसेज: ‘व्यवहार यशस्वी, तक्रार बंद.’ २२ ला पुन्हा तक्रार, नवं तिकीट, ६०८२. तेही २९ ला बंद. शाखेत गेलो तर ‘सिस्टीममध्ये क्लोज दिसतंय, साहेब’ म्हणून मॅनेजर चहा प्यायला लागले.

संतापून ३० ला बँकेला टॅग करून पोस्ट टाकली. रक्कम लिहिली, तिकीट ६०८२ पूर्ण क्रमांकासकट लिहिलं. इथेच माझी माती झाली.

पंचवीस मिनिटांत फोन. ‘बँकेच्या तक्रारी बघणाऱ्या नोडल ऑफिसरच्या ऑफिसमधून बोलतोय. आपलं तिकीट...’ आणि त्याने एकेक आकडा वाचून दाखवला. अठरा दिवसांत माझ्या तक्रारीबद्दल आपणहून बोलणारा तो पहिला माणूस! माफीसुद्धा मागितली. मी सहज विचारलं, ‘तक्रार कधीची आहे ती?’ तो म्हणाला, ‘सर, सिस्टीम स्लो आहे.’

तिथे फोन ठेवायला हवा होता. हा क्षण मी रोज आठवतो. क्रमांक आणि रक्कम त्याला माझ्याच पोस्टमधून मिळाली होती, पोस्टमध्ये तारीख नव्हती म्हणून तारीख त्याच्याकडे नव्हती. पहिल्या तिकिटाचं तर नावही नाही. बँकेच्या खऱ्या माणसासमोर दोन्ही तिकिटं तारखांसकट दिसतात. मला हे तेव्हा कळायला हवं होतं, कळलं नाही. मग व्हॉट्सॲपवर Refund_Form.apk आली. बँकेचा फॉर्म एपीके, म्हणजे ॲपची फाइल, कशाला असेल? पण मी ती घेतली, मेसेज वाचायची परवानगी दिली, कार्डाची माहिती भरली. ओटीपी मी सांगितला नाही हो, त्या ॲपने परस्पर वाचला. ४:३१ ला २४,९९९ आणि ४:३४ ला २३,५०० गेले.

४:५२ ला बँकेला फोन करून कार्ड बंद करायला सांगितलं, तिकीट ९३५१. लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार. आणि ५:३१ ला आणखी ६,२०० गेले! कार्ड बंद करायला सांगून एकोणचाळीस मिनिटं झाल्यावर.

पोलिसांचं सांगायचं तर सायबर विभाग म्हणाला स्थानिक ठाण्यात जा, ठाणं म्हणालं हे बँकेचं प्रकरण, बँक म्हणाली एफआयआर आणा. तीन दिवस रजा काढून मी हा फेरा घातला. एका हवालदाराने तर विचारलं, ‘शिकलेले दिसता, मग?’ उत्तर नव्हतं माझ्याकडे.

१० फेब्रुवारीला नोडल अधिकाऱ्याला पत्र लिहिलं. दोन पानं, नुसता संताप, एटीएम आणि फसवणूक एकत्र, तिकीट क्रमांक एकही नाही. १७ ला उत्तर आलं: ग्राहकाने स्वतः माहिती दिल्याने बँक जबाबदार नाही. आणि एटीएमचे ९,५०० पण त्याच वाक्यात गाडले गेले. दोन तक्रारी एका पत्रात घातल्या की जी नाकारायला सोपी, तिच्या उत्तरात दुसरीही बंद होते. वेगळी पत्रं लिहा.

नंतर एका निवृत्त बँकवाल्या नातेवाइकाने मला बसवून लिहायला लावलं. २० फेब्रुवारी, मुख्य नोडल अधिकारी. त्यांचा ईमेल बँकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर असतो, तिथूनच घ्या. सर्चमध्ये आलेला नंबर लावू नका. विषय असा:

```
Subject: Escalation: ATM cash not dispensed, Rs 9,500, 12-Jan-2025
Ref: ...4417 (13-Jan-2025, closed unresolved)
     ...6082 (22-Jan-2025, closed unresolved)
```

वर इंग्रजी, कारण पत्र उघडणारी टीम दुसऱ्या राज्यात बसते. त्याच ईमेलमध्ये खाली मराठी, कारण शेवटी उत्तर शाखेकडून मागवतात आणि तिथल्या माणसाला ‘तक्रार न सोडवता बंद केली’ हे वाक्य वाचून टाळता येत नाही. मराठीचा वेगळा ईमेल पाठवू नका, त्याचं वेगळं तिकीट उघडतं. आणि मी केलेला मूर्खपणा: मराठी भागात तिकीट क्रमांक मराठी आकड्यांत लिहिला होता. तो कॉपी करून त्यांनी शोधला तर काही सापडणार नाही. क्रमांक दोन्हीकडे इंग्रजी आकड्यांतच ठेवा. महिना अक्षरांत लिहा, नाहीतर ०२/०३ म्हणजे नेमकं काय यावरच एक ईमेल वाया जातो.

मजकूर अर्धं पानच. एटीएमचा क्रमांक, वेळ, मशीनचा ईजे लॉग, म्हणजे प्रत्येक व्यवहाराची मशीनने ठेवलेली नोंद, आणि त्या दिवशीच्या रोकड मोजणीत जादा निघालेली रक्कम तपासावी अशी मागणी. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे पाच दिवसांत पैसे परत यायला हवेत, पुढे रोज १०० रुपये भरपाई, आणि ती न मागता द्यायची असते. शेवटी एक ओळ: पहिली तक्रार १३ जानेवारीची आहे, ३० दिवस उलटले आहेत, आता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. ‘नव्या तिकिटापासून ३० दिवस थांबा’ असं मला फोनवर दोनदा सांगितलं गेलं. म्हणून तर पहिलं तिकीट तारखेसकट लिहायचं, नाहीतर प्रत्येक नव्या तिकिटाबरोबर हे घड्याळ शून्यावर आणतात.

फसवणुकीचं दुसरं पत्र त्याच दिवशी. त्यात मी ४८,४९९ साठी भांडलो नाही, ती माझी चूक म्हणतील हे ठरलेलंच. फक्त ६,२०० मागितले: तिकीट ९३५१ ची नोंद ४:५२ ची, पैसे गेले ५:३१ ला. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे, कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. कॉल लॉगचा स्क्रीनशॉट जोडला.

११ मार्चला ९,५०० आले आणि ५३ दिवसांचे ५,३०० सुद्धा. २४ मार्चला ६,२००. एकही माफीचा शब्द नाही, फक्त मेसेज.

४८,४९९ गेलेच. १९३० च्या तक्रारीपुढे अजून ‘प्रक्रियेत’ दिसतं. ती पोस्ट काढायला गेलो तेव्हा खाली आणखी तीन ‘ग्राहक सेवा’वाले नंबर टाकून बसले होते, एकाने तर लिहिलं होतं, ‘सर, आपली फसवणूक झाल्याचं ऐकून वाईट वाटलं, पैसे परत मिळवून देतो.’