लिंक ‘अप’ आहे, पण डेटा जात नाही: सीएफएम आणि लिंक ओएएमचा एका पावसाळ्याचा अनुभव

लिंक रत्नागिरीच्या एमआयडीसीतल्या मासळी प्रक्रिया कारखान्यापासून कोल्हापूरच्या मुख्य कार्यालयापर्यंतची, पुरवठादाराने चालवलेली, 100 एमबीपीएसची. वाटेत पाली, साखरपा आणि मलकापूर इथे पुरवठादाराचे स्विच आहेत. आंबा घाटातला टप्पा, म्हणजे साखरपा ते मलकापूर, मायक्रोवेव्ह रेडिओवर आहे. पावसाळ्याच्या तोंडावर दोन्ही टोकांना सीएफएम (802.1ag), म्हणजे टोकापासून टोकापर्यंत जोडणी तपासणारी यंत्रणा, चालू केलं आणि राउटरपासून एनआयडीपर्यंतच्या, म्हणजे पुरवठादाराने आपल्या आवारात बसवलेल्या उपकरणापर्यंतच्या, केबलवर लिंक ओएएम (802.3ah). त्यातून काय हाती लागलं ते इथे देतोय.

आधी या दोघांच्या हद्दी. लिंक ओएएमच्या फ्रेम पहिल्याच उपकरणावर संपतात, कुठलाही स्विच त्या पुढे पाठवत नाही. म्हणून तो फक्त राउटर ते एनआयडी या एका केबलीबद्दल बोलतो. सीएफएमच्या फ्रेम पुरवठादाराच्या जाळ्यातून आरपार जातात, मात्र पातळी बरोबर निवडली तरच. पातळ्या 0 ते 7. रिवाज असा की 5 ते 7 ग्राहकाच्या, 3 आणि 4 पुरवठादाराच्या. ग्राहकाने 3 घेतली आणि पुरवठादाराचा मेप, म्हणजे सीएफएमच्या फ्रेम पाठवणारं आणि ऐकणारं टोक, 4 वर बसलेला असला, तर ग्राहकाच्या फ्रेम तिथेच गिळल्या जातात आणि लिंक ठणठणीत असूनही पलीकडचा मेप कधीच दिसत नाही. इथे पातळी 5 घेतली, आणि मधल्या स्विचवर याच पातळीचे मिप, म्हणजे विचारल्यावर उत्तर देणारे मधले बिंदू, मागून घेतले. हे मिप नसतील तर बिघाड आहे एवढंच कळतं, कुठे आहे ते नाही. पुरवठादार स्वतःहून ते देत नाहीत, लेखी मागावे लागतात.

चालू करताना सर्वात जास्त वेळ खाल्ला तो नावाने. दोन्ही टोकांना सर्व्हिसचं नाव अक्षरशः सारखं, तरी क्रॉस-कनेक्टचा, म्हणजे दुसऱ्याच सर्व्हिसच्या फ्रेम येत असल्याचा, अलार्म जाईना. कारण नावासोबत त्याचा प्रकारही फ्रेममध्ये जातो. एका बाजूला नाव साधी अक्षरं म्हणून भरलं होतं, दुसऱ्या कंपनीच्या उपकरणाने तेच वाय.1731 च्या आयसीसी पद्धतीने भरलं. स्क्रीनवर सारखं दिसतं, तारेवर वेगळं असतं. प्रकार जुळवल्यावर अलार्म गेला.

सीसीएम, म्हणजे मेप ठरावीक अवधीने पाठवत राहतो त्या ‘मी आहे’ अशा फ्रेम. त्यांचा अवधी 1 सेकंद ठेवलाय. साडेतीन अवधी काही ऐकू आलं नाही की मेप पलीकडचा ‘गेला’ असं धरतो, म्हणजे इथे साडेतीन सेकंद. 3.33 मिलिसेकंदही ठेवता येतात, पण ग्राहकाला त्याचा उपयोग नाही. पुरवठादाराची रिंग क्षणभरात वळली तरी अलार्म वाजत राहील आणि चार दिवसांत त्याकडे कुणी बघेनासं होईल.

आता ज्या बिघाडात या सगळ्याचे पैसे वसूल झाले तो. जुलैतला मुसळधार पाऊस, कोल्हापूरहून फोन: ‘रत्नागिरी बंद आहे.’ रत्नागिरीत पाहिलं तर पोर्ट अप, लिंक ओएएमचं सेशन अप, पलीकडचा मेपही अप. दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या टोकाकडे बोट दाखवतात, ती नेमकी अशा वेळी. पण कोल्हापूरहून येणाऱ्या सीसीएममध्ये आरडीआयचा बिट चढलेला होता. त्याचा अर्थ सरळ आहे: ‘तुमचं मला ऐकू येत नाही.’ कोल्हापूर ते रत्नागिरी ठीक, रत्नागिरी ते कोल्हापूर बंद.

इथे एक खाच आहे. 802.1ag च्या मूळ ठेवणीत आरडीआयचा क्रम सर्वात खालचा आणि अलार्मची पायरी त्याच्या वर. म्हणजे आरडीआय आला तरी अलार्म वाजत नाही, नुसता तक्त्यात दिसतो. सिस्को राउटरवर हे मुद्दाम बदलावं लागतं:

```
ethernet cfm alarm notification all
```

दिशा कळली, आता जागा. बंद दिशेनेच लिंकट्रेस, म्हणजे वाटेतल्या प्रत्येक मिपकडून उत्तर मागणारी फ्रेम, सोडायचा, म्हणजे रत्नागिरीहून:

```
traceroute ethernet mpid 22 domain RTN-KOP vlan 210
```

टीटीएल हा टप्पे मोजणारा आकडा 64 पासून सुरू होतो आणि प्रत्येक मिप एक कमी करून उत्तर देतो. रत्नागिरीच्या एनआयडीने 63, पालीने 62, साखरप्याने 61 दिलं. मलकापूरचं 60 आलंच नाही. साखरप्याच्या उत्तरात बाहेर जाणारं पोर्टही ठीक होतं. उत्तरं परतीच्या चालू दिशेने येतात, म्हणून ती पोचली. तेव्हा बिघाड साखरप्याच्या पोर्टाबाहेर आणि मलकापूरच्या पोर्टाआधी, म्हणजे घाटातल्या रेडिओवर. तक्रारीत ‘लिंक बंद आहे’ न लिहिता हेच लिहिलं, तेव्हा माणूस सरळ साखरप्याला गेला. तिथल्या टॉवरवरच्या युनिटचा ट्रान्समीटर गेला होता. रेडिओ दोन दिशांना वेगळ्या फ्रिक्वेन्सी वापरतो, त्यामुळे एकच दिशा मेली. आणि एका बाजूची हवेतली लिंक पडली की पोर्टही पाडायची सोय रेडिओवर बंद ठेवलेली होती, म्हणून स्विचना सगळं हिरवं दिसत होतं.

लिंकट्रेसची मर्यादाही याच प्रसंगात कळते. प्रत्येक स्विच आपल्या मॅक तक्त्यात पलीकडच्या मेपचा पत्ता शोधतो आणि मगच फ्रेम पुढे सोडतो. इथे कोल्हापूरचे सीसीएम येत होते, म्हणून पत्ता ताजा राहिला. दोन्ही दिशा तुटल्या असत्या तर साधारण 300 सेकंदांत तो पत्ता पुसला जातो आणि ट्रेस पहिल्याच स्विचवर अडकतो, बिघाड तिथे नसतानाही. मिपवर सीसीएमचा डेटाबेस चालू असेल तर ते संकट टळतं. नसेल तर फोनाफोनीआधी ट्रेस सोडा. आणि सगळं ठीक असताना एक ट्रेस काढून मधल्या मिपांचे मॅक पत्ते टिपून ठेवा. मग ट्रेस फसला तरी एकेका पत्त्यावर लूपबॅक, म्हणजे पिंगसारखी उत्तर मागणारी फ्रेम, सोडून पाहता येतो.

सीसीएमवर आंधळा विश्वास मात्र नको. त्या फ्रेम जेमतेम शंभरेक बाइटच्या. चौपदरीकरणाच्या खोदाईत हातखंब्याजवळ फायबर तुटली आणि पुरवठादाराने वाहतूक दुसऱ्या वाटेने वळवली, तेव्हा सीसीएम बिनतक्रार चालू होते, पण फाइली अर्ध्यावर अडकत होत्या. नव्या वाटेवर एक जादा व्हीलॅन टॅग लागत होता, त्याचे 4 बाइट तिथल्या एमटीयूत, म्हणजे सर्वात मोठ्या फ्रेमच्या मर्यादेत, बसत नव्हते. लूपबॅकचा आकार वाढवत नेला की किती बाइटला उत्तर थांबतं ते दिसतं, आणि तो आकडाच तक्रारीत द्यायचा.

लिंक ओएएमचा खरा फायदा वीज जाण्याच्या दिवसांत झाला. एनआयडीची वीज गेली की मरता मरता तो ‘डाइंग गॅस्प’ पाठवतो. तो आला तर आपलाच यूपीएस बघायचा. नुसती केबल निघाली तर तो येत नाही. पण गॅस्प कपॅसिटरच्या उरल्यासुरल्या चार्जवर जातो, वाटेत हरवू शकतो. म्हणून आला तर खात्री, न येणं हा पुरावा नव्हे.

खाऱ्या हवेने गंजलेल्या कनेक्टरच्या सीआरसी चुकाही यातच सापडल्या. एनआयडीकडून चुकांची सूचना आली की दोष आपण पाठवतो त्या दिशेचा, कारण एनआयडी त्याला चुकीचं काय ऐकू आलं ते सांगत असतो. इथे आधी राउटरकडचा प्लग बदलून बघितला आणि तेवढ्यावर भागलं. लिंक ओएएमच्या रिमोट लूपबॅकचा, म्हणजे पलीकडून सगळ्या फ्रेम जशाच्या तशा परत पाठवून घेण्याचा, मोह मात्र चालू लिंकवर आवरा. तो लागला की त्या पोर्टवरची सगळी खरी वाहतूक बंद पडते.