गावी कायमचं परत आल्यावर कॅप्शन: एक ओळ की सगळी गोष्ट?

माझा मावसभाऊ अकरा वर्षांनी कुवेतहून परत आला, मालवणात, मेढ्यातल्या जुन्या घरी. तिकडे तो सुपरमार्केटच्या कोल्ड रूम सांभाळायचा, आता इथे डीप फ्रीझर आणि हॉटेलांच्या चिलरचं रिपेअरिंग सुरू करतोय. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने मला फोटो पाठवला, पडवीत ठेवलेली टूलबॉक्स आणि मागे पावसात भिजलेली जांभ्याची पायरी, आणि खाली दोन कॅप्शन. "ताई, खयचा टाकू सांग."

पहिलं:
"अकरा वर्सांनी इलंय. आता हयच रवतलंय."

दुसरं:
"कुडाळ स्टेशनवर उतरलो तेव्हा पाऊस होता. अकरा वर्षं कुवेतमध्ये कोल्ड रूम सांभाळल्या, आता तेच काम मालवणात सुरू करतोय. डीप फ्रीझर, चिलर, आईस्क्रीमचे फ्रीझर. ज्या मेढ्यात लहानाचा मोठा झालो तिथेच आमच्या पडवीत दुकान असेल. तुमच्या आशीर्वादाने नवीन सुरुवात."

परत येणाऱ्या बहुतेकांची निवड अशीच असते, म्हणून दोन्ही नीट शेजारी ठेवून बघूया.

आधी पहिलं. मला ते वाचून खरंच भरून आलं. मालवणीत लिहिलंय, त्यात "रवतलंय" हा शब्द आहे, म्हणजे सुट्टीवर नाही आलो, राहायला आलो. वाडीतली माणसं, शाळेतली पोरं, मुंबईचे चाकरमानी, सगळ्यांना एका सेकंदात कळतं आणि दुसऱ्या कुठल्याच भाषेत ही ओळ इतकी घरची झाली नसती. पण त्यात कामाचा एक शब्द नाही. मी तीन वर्षांपूर्वी दुबईहून आले तेव्हा अशीच एक छोटी ओळ टाकलेली, ती पण एअरपोर्टच्या फोटोवर, कायमची घरी आले एवढंच, आणि दोन दिवस आईचा फोन वाजत होता, "नोकरी गेली काय गो तिची?" लोक वाईट नव्हते, काळजीनेच विचारत होते, पण मी पुढे काय करणार ते लिहिलंच नव्हतं म्हटल्यावर रिकामी जागा त्यांनी भरली. आणि आईला उत्तरं द्यावी लागली याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या कॅप्शनमध्ये ती अडचण नाही. काय शिकलाय, काय करणार, कुठे बसणार, सगळं आहे. पण अडतं कुठे तर सुरुवातीला. इन्स्टाग्रामवर कॅप्शन २,२०० अक्षरांपर्यंत चालतं, तरी फीडमध्ये दिसतात सुरुवातीच्या दोनेक ओळी, बाकीचं दाबल्यावर उघडतं. म्हणजे तारकर्लीचा हॉटेलवाला स्क्रोल करताना काय वाचणार, तर कुडाळ स्टेशन आणि पाऊस. फ्रीझरपर्यंत तो पोचणारच नाही. आणि शेवटची आशीर्वादाची ओळ मनापासून आहे मला माहितीय, पण ती किराणा दुकानाच्या उद्घाटनाला पण चालेल आणि लग्नाच्या पत्रिकेत पण, त्यात ना मेढा आहे ना तो.

मग मी त्याला विचारलं, तुझ्या कामात इथे असं काय आहे जे कुवेतात नव्हतं. तर म्हणाला, अगो खारी हवा तिथे पण होती, पण इथे खारी हवा, चार महिने पाऊस आणि वर व्होल्टेज खालीवर होतं. कंडेन्सरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या पांढऱ्या पडून भुगा होतात, मग गॅसचं प्रेशर वाढतं, कॉम्प्रेसर सतत चालू राहतो, बिल वाढतं आणि फ्रीझर उणे १८ ला जायच्या ऐवजी उणे दहाबारावरच अडतो. मालकाला वाटतं गॅस संपला, तो गॅस भरत राहतो, खरं कारण बाहेरच्या जाळीत असतं. हे बोलताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. मी म्हटलं हेच लिही की!

आता जुन्या वाडीचं काय लिहायचं. दोन्ही ड्राफ्टमध्ये मेढा आहे किंवा नाही एवढंच आहे, दिसत कुठेच नाही. "लहानाचा मोठा झालो" हे कुणीही लिहितं. त्याने मला सांगितलेली गोष्ट त्यापेक्षा कितीतरी खरी होती, की तो रिक्षातून उतरला तर शेजारच्या काकीने कुंपणावरूनच विचारलं "कधी इलंस? जेवलंस?" आणि उत्तराची वाट न बघता आत जाऊन पेज घेऊन आली. अकरा वर्षांनंतर पहिलं वाक्य जेवणाचं. जुनी वाडी अशी एका माणसाच्या एका वाक्यात येते, आठवणींची यादी केली की ती कुठल्याही गावाची होते.

वेळेचं पण बघा, हे फार जण विसरतात. गणपतीत टाकलं तर वाया, कारण तेव्हा सगळ्या कोकणाचं "गावाक इलंय" चालू असतं आणि कायमचा आलेला माणूस सुट्टीवर आलेल्यांत मिसळून जातो. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या, मासळीवाल्यांना हातात वेळ असतो आणि फ्रीझर मोकळे असतात, म्हणजे दुरुस्तीला देता येतात. ऑगस्टमध्ये होड्या पाण्यात गेल्या की कुणाला थांबायला फुरसत नाही. म्हणून त्याच्या कामासाठी जुलैचा पहिला पंधरवडा चांगला. तुमचं काम होमस्टेचं असेल तर हे गणित उलटं, तिथे पाऊस संपता संपता टाका.

तर माझं मत. काम अजून डोक्यातच असेल, जागा, लायसन्स, पैसे काहीच पक्कं नसेल, तर पहिलं घ्या, पण व्हॉट्सॲप स्टेटसला, ते २४ तासांत जातं, आपल्या माणसांना कळतं आणि उगाच काही कबूल केल्यासारखं होत नाही. तारीख ठरली असेल, हत्यारं घरात आली असतील तर दुसरं घ्या, इन्स्टाग्राम आणि फेसबुकला, फक्त उलटं करून, काम वर आणि प्रवास खाली. मालवणी पूर्ण ठेवली तर पुण्याकडचं गिऱ्हाईक किंवा कुवेतातले केरळी मित्र अडतील, म्हणून एकच वाक्य मालवणी ठेवा, जे भाषांतर केल्यावर मरेल ते. आणि जे आपल्याला जमणार नाही ते लिहू नका, दुसरं बदलताना त्याने "चोवीस तास सर्व्हिस" लिहिलेलं ते मी काढायला लावलं, एकटा माणूस आहे, घरी म्हातारे वडील आहेत.

त्याने पहिलं त्याच रात्री स्टेटसला ठेवलं, आणि दुसरं बदलून ४ जुलैला टाकलं, तोच टूलबॉक्सचा फोटो:

"डीप फ्रीझर थंड होत नाही आणि गॅस भरून पण फरक नाही? बाहेरची जाळी खाऱ्या हवेने गेली असेल, एकदा बघू दे. अकरा वर्षं कुवेतमध्ये कोल्ड रूम सांभाळल्या, १५ जुलैपासून मालवणात, मेढ्यात आमच्याच पडवीत. रिक्षातून उतरलो तर काकीने विचारलं, कधी इलंस, जेवलंस? जेवलंय काकी. आता हयच रवतलंय."