ग्रुप की कॉम्पोनंट? सलग मोल्डिंग की तुकडे?

स्केचअपमध्ये फर्निचर काढताना लाकडाचा प्रत्येक नग ग्रुप करावा की कॉम्पोनंट? माझं मत स्पष्ट आहे: कॉम्पोनंट, अगदी तो नग एकुलता एक असला तरी. टेबलाच्या पायाची खाच ५ मिमी खाली घ्यायची असेल, तर ग्रुपच्या चार कॉप्यांत ते चारदा करावं लागतं आणि एखादा पाय हमखास सुटतो. कॉम्पोनंटमध्ये एक पाय बदलला की बाकीचे तीन, आरशासारखे उलटवलेलेसुद्धा, आपोआप बदलतात. एखादाच वेगळा हवा असेल, तर त्याला Make Unique द्यायचं. ग्रुप मी फक्त तात्पुरत्या कामाला वापरतो.

टॅग या दोघांना पर्याय नाही. २०२० च्या आवृत्तीआधी त्यांचं नाव लेयर होतं, म्हणून अनेकांना वाटतं की टॅग वेगळा दिला की आकार वेगळे राहतात. तसं होत नाही. टॅग फक्त दाखवतो आणि लपवतो. सुट्या रेषा आणि पृष्ठं कायम Untagged वर ठेवा, टॅग द्या तो अख्ख्या कॉम्पोनंटला. नाहीतर लपवलेली फळी शेजारच्या फळीला चिकटलेलीच राहते, आणि एक हलवली की दुसरी गुपचूप ताणली जाते.

आता मोल्डिंग. ९०० मिमी रुंद, ४०० मिमी खोल कपाटाला वरून कॉर्निस द्यायची आहे, आणि तिचा छेद ४० मिमी बाहेर येतो. छेद वाटेला काटकोनात काढा, मग वाट म्हणून कपाटाच्या माथ्याच्या समोरची आणि दोन बाजूंच्या अशा तीन कडा निवडा, Follow Me घ्या आणि छेदावर क्लिक करा. कोपरे ४५ अंशांत नीट जुळून येतात.

नुसतं चित्र दाखवायचं असेल, तर ही सलग कॉर्निस पुरेशी आहे. लाकूड कापायचं असेल, तर नाही. कटलिस्टमध्ये ती ९८० × ४४० चा एकच नग दिसते, आणि असा नग कुणी कापत नाही. प्रत्यक्षात लागतात ९८० चा एक आणि ४४० चे दोन. म्हणून समोरचा भाग कोपऱ्यांच्या तिरक्या रेषांसकट डावीकडून उजवीकडे खिडकी ओढून निवडा आणि कॉम्पोनंट करा. बाजूंचंही तसंच. कापलेली टोकं उघडी राहतात. आत जाऊन टोकाची एक सरळ कड पुन्हा गिरवली की पृष्ठ भरतं. Entity Info मध्ये Volume दिसला, तर तुकडा घट्ट बंद झाला. दिसला नाही, तर कुठेतरी फट आहे.

छेदात बारीक गोलाई असेल, तर Follow Me कधी कधी पृष्ठांत भोकं सोडतं, कारण स्केचअपला अतिसूक्ष्म कडा झेपत नाहीत. इथे कॉम्पोनंटच कामी येतो. छेद आणि वाट एकाच कॉम्पोनंटमध्ये ठेवा, त्याची कॉपी करून ती १०० पट मोठी करा आणि मोठीत शिरून Follow Me चालवा. मूळ लहान नगही बरोबरीने घडतो. मग मोठी कॉपी पुसून टाका. ग्रुपची कॉपी केली असती, तर मूळ नग तसाच राहिला असता.