रफ कट कुणाला दाखवायचा: हॉलमध्ये एकत्र की लिंकवर एकेकाला?

समजा, 2 तास 12 मिनिटांचा मराठी कौटुंबिक सिनेमा रफ कटला, म्हणजे सगळे सीन क्रमाने जोडलेल्या कच्च्या संकलनाला, आला आहे. पिक्चर लॉकला, म्हणजे संकलन कायम करायला, सहा आठवडे आहेत; साउंड आणि डीआय, म्हणजे रंगांचं अंतिम काम, त्यानंतर. दिग्दर्शक आणि संकलकाने प्रत्येक सीन इतक्या वेळा पाहिलाय की पहिल्यांदा बघणाऱ्याला काय कळेल, हे त्यांना आता सांगता येत नाही. सिनेमा बाहेरच्यांना दाखवायचा, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. पुढे प्रश्न उरतो तो असा: तीसेक अनोळखी लोकांना एका हॉलमध्ये बोलवायचं, की पंधरा जणांना पासवर्डवाली लिंक पाठवून आठवडाभरात मतं मागवायची?

दोन्हींतून मिळणारी माहिती वेगळी असते. हॉलमध्ये लोक कसे वागतात ते कळतं. कुठे हसले, कुठे खुर्च्या करकरल्या, कुठे मोबाइलचे पडदे उजळले, हे कुणाला विचारावं लागत नाही. लिंकवर फक्त मत कळतं, आणि तेही प्रेक्षकाने विचार करून, भाषा घासूनपुसून लिहिलेलं. आपल्याकडे तर ओळखीच्या माणसाचं काम वाईट म्हणणं जड जातं, त्यामुळे लिंकवरचा पहिला मेसेज बहुधा ‘छान झालंय, शेवट मस्त’ असाच असतो. पूर्ण लांबीच्या कथापटासाठी आमचा कौल म्हणूनच स्पष्ट आहे: पहिली फेरी हॉलमध्ये घ्या, लिंक दुसऱ्या फेरीसाठी ठेवा. लघुपट किंवा वेब मालिकेचा एखादा भाग असेल तर मात्र लिंकने सुरुवात करायला हरकत नाही, कारण तो पुढेही एकट्याने आणि बहुधा फोनवरच पाहिला जाणार आहे.

हॉलसाठी भाड्याचा प्रिव्ह्यू थिएटरच हवा असं नाही. अंधार नीट होणारं, बरा प्रोजेक्टर आणि दोन चांगले स्पीकर असलेलं कॉलेजचं सभागृहही चालतं. माणसं 25 ते 40. वीसच्या खाली गेलात तर एकटा मोठ्याने हसणारा माणूस सगळ्या खोलीचं मत बदलून टाकतो. बोलवायचे ते ओळखीच्यांच्या ओळखीचे, युनिटमधल्यांचे नातेवाईक नकोत आणि फिल्म शिकणारे विद्यार्थीही नकोत. विद्यार्थी सिनेमा बघत नाहीत, तो दुरुस्त करायला बसतात. सिनेमा ज्यांच्यासाठी आहे त्या वयाचे आणि त्या भागातले लोक निम्म्याहून जास्त असावेत.

दाखवण्याआधी एक काम टाळू नका: संवाद ऐकू यायला हवेत. रंग कच्चे असले, एखाद्या शॉटच्या जागी ‘शॉट बाकी’ अशी पाटी असली, तरी लोक समजून घेतात. पण लोकेशनच्या आवाजात संवाद बुडाले तर निम्मे फॉर्म ध्वनीच्या तक्रारींनी भरतात आणि कथेबद्दल काहीच हाती लागत नाही. संवादांची पातळी एकसारखी करणं आणि घरघर कमी करणं एवढं तरी करून घ्या. तात्पुरतं संगीत लावताना गाजलेल्या सिनेमाचं पार्श्वसंगीत वापरू नका. लोकांचे डोळे त्या जुन्या आठवणीने भरून येतील आणि तुम्हाला वाटेल की सीन जमला.

प्रेक्षकांचा आवाज टिपण्यासाठी पडद्याजवळ एक साधा रेकॉर्डर लोकांकडे तोंड करून ठेवावा. रेकॉर्डिंग होणार आहे हे आधी सांगून टाका. नंतर रेकॉर्डिंग सिनेमाशी जुळवता यावं म्हणून फिल्म सुरू होण्यापूर्वी पडद्यावर एक बीप वाजवून घ्या. नंतर हा आवाज एडिटिंगच्या टाइमलाइनवर सिनेमाच्या ट्रॅकखाली टाका. मग दिसतं की 34व्या मिनिटाच्या विनोदावर लोक हसले खरे, पण पुढचा महत्त्वाचा संवाद त्या हशात गेला. तिथे फक्त प्रतिक्रियेचा शॉट दीड सेकंद लांबवायचा असतो. खोकला आणि खुर्च्यांचे आवाज एका जागी दाटले असतील तर तिथे लोकांचं लक्ष सुटलंय. ही माहिती कोणताही फॉर्म देत नाही, आणि कोणतीही लिंक तर नाहीच.

मराठी सिनेमाला मध्यंतर असतं, त्याचा फायदा घ्या. ठरलेल्या मध्यंतराला दिवे लावा, पण लोकांना चहाला बाहेर सोडू नका. बाहेर गेले की आपापसांत बोलतात आणि तीस मतांची चार मतं होतात. जागेवरच एक चिठ्ठी द्या, तिच्यावर दोनच प्रश्न: ‘पुढे काय होईल असं वाटतं?’ आणि ‘आत्ता कोणती गोष्ट कळली नाही?’ पाच मिनिटांत चिठ्ठ्या गोळा करून सिनेमा पुढे चालू करा.

शेवटी एका पानाचा फॉर्म, नाव न लिहिता, चर्चेच्या आधी. अमेरिकन स्टुडिओंच्या चाचणी-खेळांत वापरतात तशी पाच पायऱ्यांची श्रेणी ठेवा, ‘उत्कृष्ट’पासून ‘वाईट’पर्यंत. सोबत ‘दुसऱ्याला बघायला सांगाल का?’, आवडलेले दोन प्रसंग, न आवडलेले दोन, कुठे लांबलं, कुठे गोंधळ झाला. ‘तुम्ही काय बदललं असतं?’ हा प्रश्न नको. तो विचारला की लोक प्रेक्षकाची खुर्ची सोडून लेखक होतात. फॉर्म झाल्यावर आठ-दहा जणांना थांबवून वीस मिनिटं बोलतं करा, पण ते काम सिनेमाशी संबंध नसलेल्या माणसाने करावं. दिग्दर्शकाने मागच्या रांगेत बसावं आणि एकाही शंकेचं उत्तर देऊ नये. त्याने एकदा खुलासा केला की पुढचे सगळे त्या खुलाशाला धरूनच बोलतात.

लिंकचे तोटे ठरलेले आहेत. लोक फोनवर बघतात, तीन बैठकांत बघतात, वेग वाढवून बघतात. ‘मध्ये रेंगाळतो’ असं कुणी लिहिलं तर रेंगाळला सिनेमा की त्याची संध्याकाळ, हे कळत नाही. गळतीची भीतीही असते, म्हणून प्रत्येकाला वेगळी लिंक आणि चित्रावर त्याचं नाव हवंच. टाइमकोडवर, म्हणजे सिनेमातल्या नेमक्या मिनिट-सेकंदावर, टिपणी लिहिता येते अशी सोय सामान्य प्रेक्षकाला देऊ नका, कारण मग तो दर मिनिटाला चूक शोधतो. ती सोय निर्माता, लेखक आणि सहसंकलक यांच्यापुरती ठीक. लिंकचा खरा उपयोग एका नेमक्या प्रश्नाचं उत्तर मिळवायला होतो, आणि तो पुढच्या उदाहरणात दिसेल.

आपल्या कल्पित सिनेमात दोन भाऊ गावची जमीन विकायला काढतात आणि बहीण दुसऱ्या भागात त्यांच्याशी बोलणं तोडते. हॉलमध्ये 28 जण होते असं धरू. फॉर्ममध्ये 13 जणांनी ‘मध्यंतरानंतर लांबलं’ असं लिहिलं आणि नऊ जणांनी ‘बहीण उगाच चिडते’ असं. रेकॉर्डिंगमध्ये 78 ते 90 मिनिटं खुर्च्यांचा आवाज आहे. निर्माता साहजिकच म्हणतो, त्या बारा मिनिटांतली पाच कापा.

कापण्याआधी मध्यंतराच्या चिठ्ठ्या काढून बघा. ‘पुढे काय होईल?’ या प्रश्नाला 20 जणांनी ‘भावाभावांत भांडण’ असं उत्तर दिलंय. बहिणीचा उल्लेख फक्त तिघांनी केलाय. म्हणजे तिचाही जमिनीत वाटा होता आणि तिने 41व्या मिनिटाला हक्कसोडपत्रावर सही केली, हे लोकांपर्यंत पोचलंच नाही. रफ कटमध्ये तो सीन गती राखायला छाटला होता. तलाठ्याच्या टेबलावरचा कागद दीड सेकंद दिसतो आणि ‘इथं अंगठा नको, सही करा’ हे वाक्य बसच्या हॉर्नखाली जातं. सही कशावर झाली हे माहीत नसलेल्याला पुढची बारा मिनिटं कारणाशिवाय रागावलेल्या बाईची वाटतात, म्हणून ती लांब वाटतात. दुखणं 78व्या मिनिटाला जाणवतं, पण त्याचं मूळ 41व्या मिनिटाला आहे. इथे दुसऱ्या भागातली पाच मिनिटं कापली असती तर बहीण आणखी अनाकलनीय झाली असती.

उपाय म्हणजे छाटलेल्या सीनमधली 40 सेकंदं परत आणणं, कागदावरचं शीर्षक वाचता येईल इतका वेळ ठेवणं आणि हॉर्न खाली घेणं. नवीन शूटिंग लागत नाही. हे जमलं की नाही, ते तपासायला पुन्हा हॉल भरवायची गरज नाही. इथे लिंक कामाला येते: सिनेमा अजिबात न पाहिलेल्या दहा-बारा जणांना मध्यंतरापर्यंतचाच भाग पाठवा, एका बैठकीत आणि शक्यतो लॅपटॉपवर बघायला सांगा, आणि तेच दोन प्रश्न विचारा. बहिणीचं नाव बहुतेक उत्तरांत आलं तर दुरुस्ती लागू पडली. पहिल्या फेरीतल्यांना पुन्हा विचारू नका, त्यांना गोष्ट ठाऊक आहे.

सूचना निवडताना म्हणून नुसती डोकी मोजू नका. ‘कळलं नाही’ ही तक्रार 28 पैकी चार-पाच जणांची असली तरी तपासा, कारण न कळलेले बरेच जण तसं लिहीतच नाहीत. ‘आवडलं नाही’ ही तक्रार मात्र तिसऱ्या हिश्श्यापर्यंत गेल्याशिवाय हात लावू नका. एखादा प्रसंग दहा जणांच्या ‘आवडलेल्या’ यादीत आणि आठ जणांच्या ‘न आवडलेल्या’ यादीत असेल तर तो ठेवाच. त्याच्यावरच लोक बाहेर पडून बोलणार आहेत. सूचनेत सुचवलेला उपाय बाजूला ठेवून फक्त अडचण टिपा आणि तिच्यापुढे खर्च लिहा: कापाकापीने होणारं, डबिंगमध्ये एखादं वाक्य घालून होणारं, पुन्हा शूटिंग लागणारं. पहिल्या दोन प्रकारांनी काय सुटतं ते बघितल्याशिवाय तिसऱ्याकडे जाऊ नका. पाठमोऱ्या शॉटवर डब केलेलं एक वाक्य कित्येकदा अख्ख्या दिवसाचं शूटिंग वाचवतं.

श्रेणीच्या आकड्यांवर फार भिस्त ठेवू नका. तीस जणांत तीन माणसं इकडची तिकडे झाली की दहा टक्के हलतात. दुसऱ्या सिनेमाशी तुलना करायला हे आकडे निरुपयोगी आहेत, आणि आपल्याच दोन कटांची तुलना करतानाही मोठा फरक असेल तरच तो धरावा.

तज्ज्ञांच्या सूचनांची वही वेगळी ठेवा. एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाच्या, गोव्यात 2007 पासून भरणाऱ्या फिल्म बाजारमधल्या वर्क-इन-प्रोग्रेस लॅबसारख्या ठिकाणी निवडक रफ कटवर संकलक आणि महोत्सवांशी संबंधित मंडळी बोलतात. ती मंडळी उपाय सुचवू शकतात आणि त्यांचे उपाय ऐकण्यासारखेही असतात. पण ‘तलाठ्याचा सीन कळला का’ हे त्यांना विचारून उपयोग नाही, ते न कळलेल्या जागाही अनुभवाने भरून काढतात.

एकट्याने केलेली एक सूचना मात्र ताबडतोब मान्य करावी: वस्तुस्थितीची. 28 जणांत मालवणचा एकच माणूस असेल आणि त्याने लिहिलं की आजीची मालवणी रत्नागिरीकडची वाटते, तर उरलेल्या 27 जणांना ते खटकलं नाही हा मुद्दाच नाही. ते वाक्य डबिंगच्या यादीत टाका, आणि डबिंगच्या दिवशी मालवणी घरात वाढलेलं कुणीतरी माइकशेजारी बसेल अशी सोय करा.